टाकी की शाळाखोली? आमच्या सरपंचांचं ग्रामसभेतलं भाषण आणि माझा प्रश्न

जिरायती
गाव माण तालुक्यातलं, लोकसंख्या 1,800. 26 जानेवारीच्या ग्रामसभेत सरपंच वीस मिनिटं बोलले. मुद्दा असा: "पंचायतीकडे यंदा बारा लाख आहेत. त्यात एकच काम होईल. टाकी आज ना उद्या जलजीवनमधून मिळेल, पण पोरांचं गेलेलं वर्ष कोण देणार? तिसरीचा वर्ग देवळाच्या सभामंडपात बसतो. मी खोली मागतोय." हात वर झाले, खोलीचा ठराव झाला. वरच्या वस्तीवरच्या बायका उठून गेल्या. मी खोलीच्या बाजूने हात वर केला, आणि तेव्हापासून मन लागत नाहीये. सरपंच बरोबर आहेत का?

खडूफळा
बरोबर आहेत. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत बावीस वर्षं शिकवते, सभामंडपातला वर्ग मी स्वतः चालवलाय. लग्न, सप्ताह, दहावा, काहीही असलं की वर्ग उठतो. फळा रोज न्यायचा, रोज आणायचा. तिसरीच्या पोराला जोडाक्षरं शिकवताना मागे भांडी आपटत असतात.

दादा, तुमच्या शाळेचा पट किती आहे ते सांगा. सगळं त्यावर अवलंबून आहे.

जिरायती
पहिली ते चौथी 64. शिक्षक तीन. खोल्या तीन होत्या, पण एक मागच्या वर्षी निर्लेखित होऊन पाडली.

खडूफळा
मग सरपंचांनी भाषणात सांगायला हवं होतं ते मी सांगते. शिक्षणहक्क कायद्यात साठपर्यंत पट असला तर दोन शिक्षक, 61 झाले की तिसरा. तुमचे 64 आहेत. चार पालकांनी सभामंडपाला कंटाळून पोरं तालुक्याच्या इंग्रजी शाळेच्या गाडीत बसवली की पट साठवर येतो, आणि पुढच्या संचमान्यतेत तिसरं पद जातं. मग दोन शिक्षक, चार इयत्ता. ते पाहून आणखी पोरं जातात. गळती अशी सुरू झाली की पद परत मिळवणं फार कठीण. त्याच कायद्यात प्रत्येक शिक्षकामागे एक वर्गखोली असावी असंही आहे, म्हणजे खोली तुमच्या हक्काची आहे.

मोडीलिपी
हक्काची आहे म्हणूनच ग्रामपंचायतीने बांधायची नाही! शाळा जिल्हा परिषदेची, इमारत जिल्हा परिषदेची. खोली पाडली त्यांनी, उभीही त्यांनीच करायची. ग्रामपंचायतीला शाळेवर पैसा खर्च करताच येत नाही. सरपंचांनी गावाला चुकीच्या वाटेवर नेलंय. पाणी हे पंचायतीचं पहिलं काम.

समुद्रकाठ
आमच्याकडे गुहागरला शाळेच्या गच्चीवर पाचशे लिटरची काळी टाकी बसवली, दोन महिन्यांत उन्हाने तडकली. त्यामुळे मी म्हणेन टाकी आधी, पण चांगली. शाळेत पाणी नसलं तर स्वच्छतागृहाला कुलूप लागतं. माझी भाची पाचवीत असताना दिवसभर पाणीच प्यायची नाही, जायला लागू नये म्हणून. डॉक्टरांकडे न्यावं लागलं तेव्हा घरात कळलं. खोली असून काय उपयोग, पोरगी तिथे आजारी पडत असेल तर?

जिरायती
समुद्रकाठ, ही शाळेची टाकी नाही, गावाच्या नळयोजनेची आहे. पण तुम्ही लिहिलंत ते वाचून आमच्या शाळेच्या स्वच्छतागृहात डोकावून आलो. नळ आहे, पाणी नाही. बादली भरून ठेवतात.

बांधावरची
मी त्याच गावची. वरच्या वस्तीवरची. उठून गेलेल्या बायकांत मी होते.

सरपंचांवर राग नाही, माझीही पोरगी तिसरीत आहे, त्याच सभामंडपात बसते. पण भाषणात ते म्हणाले की "पाणी थोडं कमी आहे, पण चाललंय". कुणाचं चाललंय? खालच्या गावठाणात एक तास नळ येतो. आमच्या चाळीस घरांना दोन-दोन दिवस थेंब नाही, आणि टाकी मात्र भरलेली दिसते. पोरगी शाळेत जायच्या आधी हातपंपावर दोन खेपा करते. सभामंडप तिला नंतर दिसतो. ग्रामसभेच्या आदल्या दिवशी महिला सभा झाली, तिथे आम्ही टाकीचा ठराव केला होता. ग्रामसभेत तो वाचलाच नाही.

जुना ग्रामसेवक
एकतीस वर्षं नोकरी केली, निवृत्त होऊन चार झाली. शेवटी ताईंनी सांगितलं ती गोष्ट गंभीर आहे, तिच्याकडे येतो. आधी बारा लाख.

सरपंचांचे बारा लाख पंधराव्या वित्त आयोगाचे असतील, तर त्यातले 60 टक्के बंधित आणि 40 टक्के अबंधित. म्हणजे 7 लाख 20 हजार बंधित. त्यातले निम्मे पाण्याला, निम्मे स्वच्छतेला. या पैशाची विटही शाळेला लावता येत नाही. उरले 4 लाख 80 हजार. खोलीचं अंदाजपत्रक कितीचं आहे?

जिरायती
साडेअकरा लाख. टाकीचं सतरा.

जुना ग्रामसेवक
मग भाषणातली निवड खरी नाही. बारा लाखांत खोली बसते असं सांगितलं, पण तिला हात लावता येतील असे पाच लाखही नाहीत. टाकीही होत नाही, कारण पाण्याच्या वाट्याचे 3 लाख 60 हजारच आहेत. सरपंच खोटं बोलले असं मी म्हणत नाही. खात्यातली एकूण रक्कम बघून बोलणारे मी पुष्कळ पाहिले. आराखडा ई-ग्रामस्वराजवर भरायला बसलं की कळतं.

मोडीलिपी, तुम्ही अर्धं बरोबर आहात. इमारत जिल्हा परिषदेची, त्यामुळे त्यांची परवानगी, बांधकाम उपविभागाची तांत्रिक मान्यता आणि शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव लागतोच. पण पंचायतीला शाळेवर खर्चच करता येत नाही, हे चूक. राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीतल्या 29 विषयांत पिण्याचं पाणी अकरावं आणि प्राथमिक शिक्षण सतरावं आहे. अबंधितमधून खोलीला हातभार लावता येतो. मी असतो तर जिल्हा नियोजनमधून खोली मागितली असती आणि अबंधितचा पैसा उरलेल्या दोन खोल्यांच्या छताला लावला असता.

मोडीलिपी
अनुसूचीचं मान्य. तरी माझं म्हणणं राहतं: एकदा पंचायतीने खर्च केला की जिल्हा परिषद दर वेळी हात वर करते. पुढची खोलीही तुमच्याच गळ्यात.

जुना ग्रामसेवक
ती भीती मलाही आहे.

पाणकळा
मी नळयोजनांच्या कामावर असतो. टाकी हवी म्हणणाऱ्यांना आणि नको म्हणणाऱ्यांना माझा एकच प्रश्न: विहिरीला किती पाणी आहे? टाकी पाणी तयार करत नाही, साठवते.

1,800 माणसं, माणशी 55 लिटर, म्हणजे रोज 99 हजार लिटर. जुनी टाकी किती लिटरची, दिवसातून कितीदा भरते आणि विहीर किती फुटी, एवढं वॉलमनला विचारून या.

जिरायती
विचारलं. टाकी 50 हजारांची. आत्ता दिवसातून दोनदा भरते. मे महिन्यात एकदाही पूर्ण भरत नाही, दोन तासांत मोटर हवा ओढायला लागते. विहीर वीस फूट व्यासाची. मे महिन्यात रात्रभर बंद ठेवली तर सकाळी तीन फूट चढलेली दिसते, असं तो म्हणाला. दिवसाही साधारण तेवढीच.

पाणकळा
वीस फुटी विहिरीत पाणी एक फूट चढलं की जवळजवळ 8,900 लिटर. रात्रीचे तीन आणि दिवसाचे तीन मिळून सहा फूट, म्हणजे 53 हजारांच्या आसपास. गरज 99 हजारांची. मे महिन्यात तुम्ही एक लाखाची टाकी बांधलीत तरी ती अर्धी रिकामीच राहील. तिथे सतरा लाख घालणं चूक. विहिरीचा गाळ काढणं, आडवं बोअर घेणं, वर नाला अडवणं, हे आधी. आणि ते बंधितच्या साडेतीन लाखांतून सुरू करता येतं. हिवरे बाजारला दरवर्षी पावसानुसार पाण्याचा ताळेबंद मांडतात, तसा हिशेब टाकीआधी मांडावा.

पण आत्ता टाकी दोनदा भरते. म्हणजे एक लाख लिटर वाटले जातात, गरजेइतके. तरी वरच्या वस्तीला थेंब नाही. म्हणजे त्यांचं आत्ताचं दुखणं साठ्याचं नाहीच. एक तर टाकीची उंची कमी पडते, नाहीतर खालचे लोक पाणी वाटेतच ओढतात. तपासणं सोपं आहे. रात्री अकरा वाजता खालचे सगळे वॉल बंद करा, वस्तीचा एकच उघडा ठेवा. वस्तीच्या शेवटच्या नळाला पाणी आलं तर उंची पुरते आणि दोष वाटपात आहे. आलंच नाही तर टाकी खरंच उंचावर हवी.

बांधावरची
खाली अर्ध्या घरांनी नळाला मोटरी लावल्यात. सगळ्यांना माहीत आहे. ग्रामसभेत त्यावर एक शब्द नाही, कारण मोटरीवाल्यांचीच मतं जास्त.

खडूफळा
ताई, तुमची पोरगी खेपा घालून येते हे वाचून मी माझं पहिलं उत्तर पुन्हा वाचलं. खोलीबद्दलचं मत तेच आहे. पण माझ्या वर्गात उशिरा येणाऱ्या पोरींना मी कारण न विचारता उभं केलंय. ते आठवत राहिलं.

बांधावरची
काल रात्री वॉलमनला पटवून तपासणी केली. आम्ही आठ-दहा जणी होतो. खालचे वॉल बंद केल्यावर वीस मिनिटांनी शेवटच्या नळाला पाणी आलं. करंगळीएवढी धार, पण आली. हंडा भरायला अकरा मिनिटं लागली.

पाणकळा
म्हणजे उंची कशीबशी पुरते. वस्तीला स्वतंत्र वेळ दिली तर नव्या टाकीशिवाय या महिन्यात पाणी मिळेल. मोटरी चालू राहिल्या तर मात्र नाही. धार इतकी बारीक का, ते पाइप उघडल्याशिवाय सांगता येणार नाही. नळी गंजलेली असेल किंवा व्यास कमी असेल.

मोडीलिपी
आणि वॉलमन रोज रात्री अकराला जाणार? त्याच्या पगाराचं काय? हे दोन आठवडे चालेल. वस्तीवर दहा हजारांची छोटी टाकी बांधा, रात्री भरा, सकाळी सोडा. मी टाकीच म्हणणार.

पाणकळा
छोट्या टाकीला माझा विरोध नाही. सतरा लाखांच्या टाकीला आहे.

जुना ग्रामसेवक
आता महिला सभा. प्रत्येक ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते, ती याचसाठी की त्यांचं म्हणणं ग्रामसभेपुढे यावं. तुमचा ठराव वाचला नाही, तर तो इतिवृत्तात आहे का ते आधी बघा. अर्ज करून नक्कल मागा. असेल तर पुढच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर घ्यायला लेखी सांगा, आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेलं कुणी लिहून घेत नाही.

जिरायती
आज सरपंचांना भेटलो. बंधित-अबंधितचा हिशेब दाखवल्यावर ते बराच वेळ कागद बघत बसले. म्हणाले, खोलीचा शब्द गावाला दिलाय, आता मागे कसा घेऊ? जिल्हा नियोजनचा प्रस्ताव करायला तयार आहेत, गाळ काढायलाही. मोटरींचा विषय काढला तर म्हणाले, "तो तू ग्रामसभेत काढ, मी नाही काढणार."

बांधावरची
मी काढते. नकलेचा अर्ज सोमवारी देतेय, आम्ही अकरा जणींच्या सह्या झाल्यात. जिरायतीदादा, तुमच्या आईची सही राहिलीय.