मदत हवी आहे: मोठ्या वसाहती खऱ्या का?

नागपुरात एमएस्सीचा प्रकल्प करतेय: अँपिसिलिन-रोधाचं प्लाझ्मिड एका जिवाणूतून दुसऱ्यात जातं का ते पाहायचंय. नाग नदीच्या पाण्यातला अँपिसिलिन-रोधक ई. कोलाय दाता, अझाइड-रोधक जे-५३ हा ई. कोलायचाच वाण ग्राहक. दोन्ही १:१ मिसळून ३७ अंशांवर न हलवता ठेवले, कारण हलवलं की जोड्या तुटतात. मग दोन्ही औषधांच्या प्लेटवर पसरवले. एकेकट्या दात्याची आणि ग्राहकाची प्लेट कोरी.

मिश्रणाच्या प्लेटवर १२ मोठ्या वसाहती आल्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्याभोवती मोहरीपेक्षा बारीक ठिपके! ते उपग्रह असावेत; मोठ्यांच्या बीटा-लॅक्टमेजने आजूबाजूचं अँपिसिलिन संपवलं असणार.

पण मोठ्यांत अझाइडला सरावलेला दाताच असला तर? प्लाझ्मिडचं पीसीआर असा दाता आणि प्लाझ्मिड मिळालेला जे-५३, दोघांतही पॉझिटिव्ह येईल. जे-५३ला प्रोलीन, मेथिओनीन बनवता येत नाही. मग ते नसलेल्या मिनिमल माध्यमावर न वाढणं पुरेसा पुरावा का, की वाण वेगळे ओळखणारा एरिक-पीसीआर करावाच लागेल? कुणी केलंय का?