डेटिंग प्रोफाइलवरचा ३० सेकंदांचा आवाज: लिहून वाचायचा की सुचेल तसं बोलायचं?

अंबडचा_मुलगा: हिंजवर व्हॉइस प्रॉम्प्ट टाकायचाय, ३० सेकंद मिळतात. लिहून वाचू की सुचेल तसं बोलू? सध्या हे लिहिलंय: "हॅलो, मी अंबडला एका कंपनीत क्वालिटी इंजिनिअर आहे. मी साधा आणि प्रामाणिक मुलगा आहे. मला फिरायला, गाणी ऐकायला आणि नवीन लोकांना भेटायला आवडतं. समजून घेणारी जोडीदार हवी आहे. आवडलं तर नक्की लाइक करा."

गोदाकाठ: लिहूनच वाचा. न लिहिता बोलायला गेलं की पहिले दहा सेकंद "अं... तर... म्हणजे" यातच जातात.

पंचवटीची_पोर: अजिबात नको. वाचलेलं लगेच कळतं. वाक्याच्या शेवटी सूर एकाच ठिकाणी येऊन बसतो आणि स्वल्पविरामावर माणूस शाळेतल्यासारखा थांबतो. सरळ बोला, अडखळलात तर अडखळलात. त्यात तरी जिवंत माणूस ऐकू येतो.

नाशिकरोडची_आत्या: उंची, शिक्षण आणि आडनाव आधी सांग बाळा. कुलदैवतही. फोटो स्टुडिओत काढ.

पंचवटीची_पोर: आत्या, हा विवाह मंडळाचा बायोडेटा नाही हो.

ध्वनीवाला: दोघांचंही अर्धं खरं आहे. पूर्ण मजकूर लिहा, दोनदा मोठ्याने वाचा, मग कागद उलटा घाला. पहिलं आणि शेवटचं वाक्य पाठ ठेवा, मधलं आपल्या शब्दांत येऊ द्या. सुरुवात पक्की असली की "अं" येत नाही आणि शेवट पक्का असला की "बस, एवढंच" म्हणायची वेळ येत नाही. तीन-चार वेळा रेकॉर्ड करून थांबा. त्यापुढे शब्द बिनचूक होत जातात, पण आवाज बेजान होतो.

आता मजकूर. कामाचं तर प्रोफाइलवर लिहिलेलं असतंच, ते बोलून सेकंद घालवू नका. "साधा आणि प्रामाणिक" स्वतःच सांगितलं की ऐकणारी उलट सावध होते. "फिरायला आवडतं"ला उत्तर काय देणार? "मलाही", आणि संपलं. एकच बारीकशी गोष्ट घ्या आणि शेवटी असा प्रश्न ठेवा, ज्याचं उत्तर तिला एका ओळीत लिहिता येईल. उदाहरणार्थ:

"रविवारी सकाळी सात वाजता मला उठवायला एकच शब्द पुरतो: मिसळ. काळा रस्सा, वर कांदा, लिंबू जरा जास्तच. पण एक भांडण आमच्याकडे अजून मिटलेलं नाही. पापड रश्शात मोडायचा, की शेवटपर्यंत कुरकुरीत जपून ठेवायचा? मी जपणाऱ्यांतला. तू कुठल्या बाजूची, तेवढं सांग."

हे पन्नासच्या आत शब्द आहेत. रमतगमत बोललात तरी २५ सेकंदांत बसतं. ३० सेकंद आहेत म्हणून सगळे भरू नका. घाई झाली की मराठीत आधी शेवटची अक्षरं गिळली जातात, "आवडतं"चं "आवडत्" होतं.

काळा_रस्सा: नाशिकच्या मुलाने मिसळ सांगायची? इथे दर तिसऱ्या प्रोफाइलवर मिसळ नाहीतर वाइन असते. ऐकणारी पुढच्या फोटोवर जाईल.

ध्वनीवाला: बरोबर. मिसळ उदाहरणापुरती होती. प्रश्नाची ठेवण घ्या, पदार्थ बदला.

गोदाकाठ: आणि मोबाईल अगदी तोंडाजवळ धरा. आवाज भारदस्त येतो, रेडिओवाल्यांसारखा.

ध्वनीवाला: रेडिओवाल्यांचा माइक वेगळा. तो एका दिशेचा आवाज घेतो, म्हणून जवळ गेलं की खर्ज वाढतो. मोबाईलचा माइक सहसा सगळीकडून घेणारा असतो, त्यात जवळ गेल्याने खर्ज वाढत नाही, फक्त फुत्कार वाढतो. मराठीत तो जास्तच, कारण ख, फ, भ, ठ म्हणताना हवेचा झोत थेट माइकवर आदळतो. "भेटू" म्हटलं की धप्प.

पण तुमचं एक खरं आहे. लांब धरला की खोली जास्त ऐकू येते. म्हणून एक वीत अंतर ठेवा आणि फोन तोंडासमोर नको, गालाच्या बाजूला, थोडा तिरका. झोत पुढून निघून जातो, आवाज मात्र पोचतो.

सोमेश्वर_राइडर: मी धबधब्यापाशी उभा राहून केलं होतं. मागे पाण्याचा आवाज, मस्त वातावरण. तीन महिन्यांत एकही उत्तर नाही, पण ते फोटोंमुळे असेल.

ध्वनीवाला: फोटोंचं माहीत नाही, पण पाण्याचा आवाज हा नुसता खळखळाट नसतो, त्यात सगळ्या पट्ट्या एकदम असतात. तुमचे स, श, च त्यात बुडतात. वर फोनने गोंगाट कमी करायचा प्रयत्न केला, तर पाण्याबरोबर शब्दांच्या कडाही खातो आणि आवाज पाण्याखालून आल्यासारखा येतो. घरातच करा. फरशीच्या रिकाम्या हॉलमध्ये नको, तिथे आवाज घुमतो. कपड्यांचं कपाट उघडून त्याच्याकडे तोंड करा, मागे गादी किंवा पडदा असेल तर उत्तम. पंखा बंद. ब्लूटूथ इअरफोनचा माइकही नको, तो लागला की आवाज बहुधा फोन कॉलसारखा चपटा होतो.

तपासायचं कसं? हेडफोन काढा, फोनचा आवाज अगदी कमी ठेवा आणि फोन टेबलावर ठेवून ऐका. ती बहुतेक तसंच ऐकणार आहे, घरात कुणाला कळू नये म्हणून. पहिले तीन शब्द नीट कळले नाहीत, तर पुन्हा करा. अनेकदा बटण दाबल्या दाबल्या बोलल्याने पहिलं अक्षरच कापलं जातं. एक श्वास घ्या, मग सुरू करा.

पंचवटीची_पोर: मुलीच्या बाजूने सांगते. आवाजापेक्षा व्हिडिओ बरा. आवाज कुणाचाही लावता येतो. फोटो पाच वर्षांपूर्वीचे असतात, व्हिडिओत आत्ताचा माणूस दिसतो.

काळा_रस्सा: आणि व्हिडिओत मागे सोसायटीची पाटी, गाडीचा नंबर, कंपनीचा बिल्लाही दिसतो. मुलींनी तर अजिबात टाकू नये.

पंचवटीची_पोर: मुलींनी काय करावं ते मुली ठरवतील. मागे कोरी भिंत घेतली की झालं.

ध्वनीवाला: व्हिडिओ करणारच असाल तर खिडकी पाठीशी नको, समोर हवी. पाठीशी असली की चेहरा काळा पडतो. फोन डोळ्यांच्या उंचीला, पुस्तकांच्या थप्पीवर. बोलताना स्वतःच्या चेहऱ्याकडे पाहू नका, वरच्या लेन्सकडे पाहा, नाहीतर नजर खाली वाटते. आवाज की व्हिडिओ, यात मी पडत नाही.

गोदाकाठ: आणि भाषा? पुण्या-मुंबईच्या मुलीही ऐकतील, इंग्रजीत बरं नाही का?

पंचवटीची_पोर: पहिल्या भेटीत ज्या भाषेत बोलणार, त्याच भाषेत. चहाच्या टेबलावर इंग्रजी टिकणार नसेल तर आधीच नको.

गोदाकाठ: मला पटलं नाही. ऐकलंच नाही तर भेट कुठून व्हायची?

अंबडचा_मुलगा: मिसळ काढली. हे कसं वाटतं? "दिवसभर मापं घेऊन मला एक रोग लागलाय. ताटातल्या शंकरपाळ्या एका मापाच्या नसल्या की माझा हात थांबतो. मग सगळ्यांत वाकडी असते ती मी आधी खातो. तुझ्या कामाची कुठली सवय तुझ्याबरोबर घरी येते?"

पंचवटीची_पोर: हे चालेल. वाकडी आधी खातो, हे आवडलं. पण पहिल्याच वाक्यात "रोग"? "खोड" म्हणा.

ध्वनीवाला: खोड छान. ख आहे, फोन तेवढा तिरका धरा.