साक्षरता दर आणि लिंग गुणोत्तर : भागायचं कशाने?

मुक्ता : जिल्हा जनगणना पुस्तिकेत 'साक्षर व्यक्ती' असा रकाना आहे आणि 'एकूण लोकसंख्या' असाही. मी पहिल्याला दुसऱ्याने भागून शंभराने गुणलं, तर छापलेल्या साक्षरता दरापेक्षा जवळजवळ दहाने कमी आलं. 'साक्षरता दर' म्हणजे नक्की कुणाचा दर?

गजानन : साक्षरता 15 वर्षांवरच्यांची मोजतात. लोकसंख्येतून 15 च्या खालचे सगळे वजा करा, जुळेल.

निवृत्त प्रगणक : गजाननराव, तुम्ही म्हणता ती प्रौढ साक्षरता. 'उल्लास'सारख्या कार्यक्रमांत 15 वर्षांची अट आहेच, पण जनगणनेत नाही. तिथे 7 वर्षं पूर्ण झालेल्यांपासून पुढचे सगळे धरतात. त्याच पुस्तिकेत 0 ते 6 वयाच्या मुलांचा रकाना असतो. संगणकावरच्या तक्त्यात तो `P_06` या नावाने दिसेल, आणि हिशोब असा :

```
P_LIT / (TOT_P - P_06) * 100
```

2011 चे राज्याचे आकडे घेऊन दाखवतो. जिल्ह्याला किंवा तालुक्यालाही रीत हीच. महाराष्ट्रात साक्षर 8 कोटी 15 लाख 54 हजार, लोकसंख्या 11 कोटी 23 लाख 74 हजार. थेट भागलं तर 72.57 येतात. त्यातून 0 ते 6 ची 1 कोटी 33 लाख मुलं काढली की साधारण 9 कोटी 90 लाख उरतात आणि दर होतो 82.34, म्हणजे छापलेला तोच. मुक्ताताई, तुमचे दहा इथेच गेले. ज्या जिल्ह्यात लहान मुलं जास्त, तिथे ही तफावत आणखी रुंदावते. म्हणून थेट भागलेल्या आकड्यांवरून दोन जिल्ह्यांची तुलना करू नये, लेकुरवाळा जिल्हा उगाच मागास दिसतो.

सुलभा : माझी नात साडेसहा वर्षांची आहे. दुकानांच्या पाट्या धडाधड वाचते, स्वतःचं नाव लिहिते. तिला निरक्षर म्हणायचं?

निवृत्त प्रगणक : नियमाने हो. शाळेत जात असली तरी सातच्या आतलं मूल निरक्षरच धरतात. पण ती ना वर मोजली जाते ना खाली, त्यामुळे दर तिच्यामुळे घसरत नाही. घरोघर फिरताना मला खरी अडचण मोठ्या माणसांची यायची. कोणत्याही एका भाषेत समजून वाचता आणि लिहिता, दोन्ही यायला हवं. शाळेचा दाखला लागत नाही. पोथी वाचणाऱ्या पण लिहिता न येणाऱ्या आजी साक्षर ठरत नाहीत. आणि आम्ही कुणाची परीक्षा घेत नव्हतो, घरातले सांगतील ते लिहायचो.

गजानन : बरं, पटलं. पण जुन्या पुस्तकांत 5 वर्षं वाचल्याचं मला पक्कं आठवतं.

निवृत्त प्रगणक : बरोबर आठवतंय. 1981 पर्यंत 5 होतं, 1991 पासून 7. म्हणूनच 1981 चा देशाचा दर कुठे 41.43 दिसतो, कुठे नव्या वयाने काढलेला 43.57. दशकांची तुलना करताना दोन्हीकडे वय एकच आहे ना, ते बघा.

मुक्ता : जुळलं! मग लिंग गुणोत्तरातही लहान मुलं वगळायची का?

निवृत्त प्रगणक : नाही, तिथे तान्ह्या बाळापासून सगळे. दर हजार पुरुषांमागे स्त्रिया किती, एवढंच. रत्नागिरी 2011 : स्त्रिया 8,53,948, पुरुष 7,61,121. भागून हजाराने गुणा, 1122 येतील. हा शेकडेवारीचा आकडा नाही, पुढे टक्क्याची खूण लावू नका.

कोकणी माणूस : म्हणजे आमच्याकडे मुली जास्त जन्माला येतात! अभिमान आहे.

अनघा : तसं नाही हो. बाप्ये मुंबईला कामाला आहेत. माणूस जिथे नेहमी राहतो तिथे मोजला जातो, गावात घर असलं तरी. त्याच वर्षी मुंबई शहर जिल्ह्याचा आकडा 832 होता, तो यालाच जोडून वाचा. मुलींचं काय चाललंय ते बघायचं तर 0 ते 6 चं बाल लिंग गुणोत्तर वेगळं काढतात. बीडचं सर्व वयांचं 916, पण बालांचं 807.

मुक्ता : वर्तमानपत्रात 'जन्मावेळचं लिंग गुणोत्तर' वाचते, ते हेच ना?

अनघा : नाही. ते एका काळात जन्मलेल्या मुलामुलींवरून, जन्मनोंदणीतून किंवा सर्वेक्षणातून काढतात. 0 ते 6 मध्ये सात वर्षांच्या काळातले मृत्यू आणि स्थलांतरही मिसळलेलं असतं. बातमीत दोन्ही सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात.

कोकणी माणूस : 2011 च्या अर्जात स्त्री-पुरुषांखेरीज 'इतर' हाही पर्याय होता. ते कुठे धरले?

निवृत्त प्रगणक : मुख्य तक्त्यांत पुरुषांत मिळवले आहेत.

अनघा : म्हणजे छेद तेवढा फुगला. जिल्ह्याच्या आकड्यात फरक नगण्य असेल, पण छोट्या वस्तीचं गुणोत्तर काढलं तर?

निवृत्त प्रगणक : छोट्या वस्तीचं मी काढतच नाही. दोन घरं रोजगाराला बाहेर गेली तरी आकडा उड्या मारतो.

अनघा : मग योजनेच्या फलकावर गावागावाचं गुणोत्तर लिहितात ते?

निवृत्त प्रगणक : ते लिहिणाऱ्यांना विचारा.