मदत हवी आहे: मुलाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी, शाळेत बाईंना आणि नर्सना नेमकं काय सांगू?

मृण्मयी_प

माझा मुलगा सहा वर्षांचा आहे, वजन २० किलो. जूनपासून पुण्यातल्या मोठ्या शाळेत पहिलीत जाईल. गेल्या वर्षी नातेवाइकांकडे जेवताना त्याने काकडीच्या कोशिंबिरीचे दोन घास खाल्ले. थोड्याच वेळात ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, मग उलटी झाली आणि कोरडा खोकला थांबेना. हॉस्पिटलमध्ये मांडीत अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन दिल्यावर तो सावरला. तपासणीनंतर डॉक्टरांनी शेंगदाणा पूर्ण बंद सांगितला आहे, आणि अ‍ॅड्रेनलिनची अँप्यूल व सिरिंज कायम जवळ ठेवायला सांगितली आहे.

शाळेत नर्स आहेत. प्रवेशाच्या फॉर्मवर "अ‍ॅलर्जी असल्यास" एवढी एकच ओळ होती, तिथे मी लिहिलं. पण "शेंगदाणा" हा शब्द वाचून बाईंच्या डोळ्यांसमोर खारे दाणे आणि चिक्की येणार, कोशिंबीर नाही. आपल्याकडे कूट कशात नसतो? पुढच्या आठवड्यात भेट ठरली आहे. काय सांगू, काय लिहून देऊ?

सह्याद्री७७

सरळ मुख्याध्यापकांना सांगा की शाळेत शेंगदाणा आणायचाच नाही. नुसत्या वासानेसुद्धा रिअ‍ॅक्शन येते. मुलाला डब्याच्या वेळी वेगळं बसवा.

वर्षा_सिस्टर

मी बरीच वर्षं शाळेत नर्स होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सह्याद्रीदादा, काळजी रास्त आहे, पण वासाने जिवावर बेतत नाही. धोका पोटात जाण्याचा असतो. शेजारच्या मुलाचा कुटाचा हात याच्या हाताला लागला आणि तोच हात तोंडात गेला, असं घडतं. म्हणून डबा खाल्ल्यावर सगळ्यांनी साबणाने हात धुवायचे आणि बाक ओल्या फडक्याने पुसायचा. सॅनिटायझरने दाण्याचा अंश निघत नाही, हे बाईंना मुद्दाम सांगा. वर्गावर्गात बाटली असते आणि तेवढ्याने काम झालं असं वाटतं. वेगळं बसवू नका. दाणा नसलेला डबा आणणारे दोन मित्र शेजारी असले की पुरतं.

मृण्मयीताई, बाईंना आणि नर्सना वेगवेगळं सांगायचं असतं. बाईंचं काम लवकर ओळखण्याचं आणि हाक मारण्याचं. नुसत्या गांधी उठल्या तर नर्सना बोलवून मुलावर लक्ष ठेवायचं. पण दाणा खाल्ल्याची शंका आहे आणि गांधींबरोबर उलट्या किंवा पोटात कळा आहेत, तर इंजेक्शनची वेळ झाली. खोकला, घोगरा आवाज, धाप, किंवा मूल एकदम मलूल होणं, यातलं एकही पुरे. त्वचेवर काही दिसलं नाही तरी. लहान मुलं "घशात काहीतरी अडकलंय", "जीभ टोचतेय" असं म्हणतात. तुमचा मुलगा त्या दिवशी जे शब्द बोलला, तेच कागदावर लिहा.

दुसरं, मुलाला चालवत नर्सच्या खोलीत न्यायचं नाही. आडवं झोपवून पाय उंच करायचे, धाप असेल तर बसवायचं, आणि नर्सनी औषध घेऊन वर्गात यायचं. अशा वेळी उभं केल्यावर रक्तदाब एकदम कोसळू शकतो. शाळांमध्ये नेमकं उलट होतं, कारण "बरं वाटत नाही ना, जा सिस्टरकडे" ही सवय असते.

आता नर्ससाठी. सेट्रिझिनने खाज कमी होते, श्वास मोकळा होत नाही. "आधी गोळी देऊन बघू" यात वेळ जातो. अ‍ॅड्रेनलिन मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मध्यावर, स्नायूत. परदेशात दाबलं की टोचणारं पेन मिळतं, आपल्याकडे ते सहज मिळत नाही, म्हणून अँप्यूल. घाईत काच फोडून औषध भरताना हात थरथरतो, तेव्हा डोस मिलीग्रॅममध्ये नको, मिलीमध्ये लिहून घ्या. १ मिलीमध्ये १ मिग्रॅ असलेल्या अँप्यूलमधून २० किलोला ०.२ मिली होतात, पण कागदावर आकडा आणि सही तुमच्या डॉक्टरांचीच हवी. वजन वाढलं की नवा कागद. सिरिंज १ मिलीची, इन्सुलिनची नाही. तिच्यावर युनिटच्या खुणा असतात आणि सुई स्नायूपर्यंत पोचत नाही. इंजेक्शननंतर लगेच १०८. पाच मिनिटांत फरक नसेल तर दुसरा डोस, म्हणून अँप्यूल दोन ठेवा. बरं वाटलं तरी हॉस्पिटल चुकवायचं नाही, काही तासांनी त्रास उलटू शकतो.

आणि विचारा: कपाटाची किल्ली कुणाकडे? नर्स रजेवर असतील त्या दिवशी कोण?

आईची_लाडकी

माझ्या मुलीलाही दुधाची अ‍ॅलर्जी होती, पोट फुगायचं, जुलाब व्हायचे. आम्ही रोज थोडं थोडं देत सवय लावली, आता छान पिते. तुम्हीही चिमूटभर कुटापासून सुरुवात करून बघा ना.

वर्षा_सिस्टर

ताई, कृपा करून असं सुचवू नका. तुमच्या मुलीला बहुधा दूध पचत नव्हतं, ती गोष्टच वेगळी. ओठ सुजून खोकला लागलेल्या मुलाला घरी चिमूटभरही द्यायचं नाही. असे उपचार आहेत, पण ते तज्ज्ञ डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

गुरुजी_सातारा

मी जिल्हा परिषद शाळेत शिकवतो. आमच्याकडे नर्स नाही, त्यामुळे शिक्षकाच्या बाजूने सांगतो. जाड फाईल देऊ नका. एक पान, वर मुलाचा फोटो, कपाटाच्या दाराच्या आतून चिकटवता येईल असं. बदली शिक्षक आले तर त्यांना तेच दिसतं.

रोजचा डबा तुम्ही देता, तिथे फारसं बिघडत नाही. घोटाळा सणावाराला होतो. आषाढीच्या दिंडीनंतर साबुदाण्याची खिचडी, गोपाळकाला, संक्रांतीचा तिळगूळ, वाढदिवसाची मिठाई. तिळाच्या लाडवात कूट असतो हे कित्येक पुरुष शिक्षकांना माहीतच नसतं. पाकिटावर अ‍ॅलर्जीची सूचना छापलेली असते, घरच्या लाडवावर काय असणार? वर्गात त्याच्या नावाचा खाऊचा डबा ठेवा, वाटप झालं की त्याला त्यातलं मिळेल. तेलाचंही सांगा. शुद्ध केलेलं शेंगदाणा तेल बहुतेकांना चालतं, घाण्याचं चालेलच असं नाही.

मृण्मयी_प

सगळ्यांचे मनापासून आभार. भेट झाली. एक पान दिलं, त्यातला बाईंसाठीचा भाग असा:

"अर्णवला शेंगदाणा कुठल्याही रूपात चालत नाही: कूट, चटणी, चिक्की, तिळगूळ, साबुदाणा खिचडी, कोशिंबीर, घाण्याचं तेल. घरून आलेल्या डब्याशिवाय काही देऊ नये, त्याने मागितलं तरी. 'घशात केस अडकलाय' असं तो म्हणाला, खोकू लागला किंवा गप्प होऊन पडला, तर त्याला जागेवर आडवं करा, धाप असेल तर बसवा, सिस्टरना औषधासह वर्गात बोलवा, मग मला फोन करा. वाट पाहू नका."

बाईंनी वाचून लगेच विचारलं, "क्राफ्टच्या तासाला आम्ही शेंगांची टरफलं चिकटवतो, ते?" माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. ते आता बदलणार आहेत.

नर्सनी माझ्यासमोर रिकाम्या सिरिंजमध्ये पाणी भरून ०.२ची खूण पाहिली. औषध उजेडापासून दूर, न कुलूपलेल्या खणात राहील. पण नर्स नसताना इंजेक्शन कोण देणार, यावर मुख्याध्यापिका म्हणाल्या की संस्थेची लेखी परवानगी लागेल, शिक्षकांवर सक्ती करता येणार नाही. शिवाय बसमधल्या मावशींना कोण शिकवणार, हेही राहिलंच आहे. कुणी संस्थेकडून अशी परवानगी मिळवली आहे का? अर्जासोबत काय जोडलं होतं?

गुरुजी_सातारा

डॉक्टरांचं पत्र आणि तुमचं संमतीपत्र, दोन्ही जोडा. आणि एखादा शिक्षक स्वतःहून तयार असेल तर त्याचं नाव अर्जात घाला. नाव असलं की संस्थेला निर्णय घेणं सोपं जातं. बसचं मात्र आमच्या तालुक्यातही कुणाला सुटलेलं नाही.