फोनवर सिलेंडरचे ओरखडे दिसले, आता पुरावा आणखी काय हवा?

धुरंधर: स्पार्क प्लग काढून यूएसबी एंडोस्कोप आत सोडला. सिलेंडरच्या भिंतीवर लख्ख उभे ओरखडे, पाच तरी मोजले. मेकॅनिक म्हणतो काही नाही. फोनमध्ये फोटो आहे, म्हणजे इंजिन खोलायचंच. ज्यांना अजून कानाला स्क्रूड्रायव्हर लावून निदान करायचंय त्यांनी करत बसावं.

जुनीखोड: कानाला स्क्रूड्रायव्हर लावणारा मीच, म्हणून सविस्तर लिहितो. फोटो पाहिला. एंडोस्कोपचे दिवे भिंगाच्या भोवती गोल बसवलेले असतात आणि तेलाने ओली भिंत म्हणजे आरसाच. गोल नळीच्या आत दिवा धरला की त्याचा ठिपका पडत नाही, नळीच्या लांबीच्या दिशेने पांढरी रेघ पडते. म्हणजे उभीच! तुम्हाला ओरखडे दिसले की दिवे दिसले, हे आधी ठरवा. आडव्या-तिरक्या एकमेकांना छेदणाऱ्या बारीक रेषा दिसत असतील तर त्या होनिंगच्या. तेल धरून ठेवायला मुद्दाम काढलेल्या असतात, त्यांना हात लावू नका.

पिस्टन अगदी खाली आणा, नाहीतर भिंत दिसणारच नाही. मग वायरवरचं चाक फिरवून दिवे मंद करा आणि कॅमेरा किंचित वळवा. जी रेघ कॅमेऱ्याबरोबर सरकते ती चकाकी. जी भिंतीवर जागच्या जागी राहते तिच्याबद्दल बोलू.

धुरंधर: कॅमेरा 1080p चा आहे, खेळणं नाही. चकाकी आणि ओरखडा मला कळतो.

आकडेमोड्या: खोक्यावर 1080p लिहिलंय म्हणता? स्वस्तातल्या बऱ्याच कॅमेऱ्यांचं सेन्सर 640x480 चं असतं, अ‍ॅप ते ताणून मोठं करतं. स्टीलची पट्टी समोर धरा. 20 मिमी रुंदी चित्रात मावली तर एका मिलिमीटरला 32 पिक्सेल आले. मिमीच्या विसाव्या भागाएवढा ओरखडा जेमतेम दीड पिक्सेल. झूम करून त्यात काय पाहणार? शिवाय फोकस कायमचा ठरलेला. भिंगापासून काही सेंटिमीटरवर चित्र स्वच्छ, अगदी जवळ नेलं की धूसर.

तारवाला: फोकसचं सोडा हो. माझ्या फोनला लावलं की चित्रच येत नाही. ओटीजी सुरू केलं तर थोड्या वेळाने आपोआप बंद होतं. हे कोणी ठरवलं?

आकडेमोड्या: काही फोन वापर नसला की ओटीजी बंद करतात, सेटिंगमध्ये पुन्हा सुरू करावं लागतं. दिवे लागतात पण चित्र नाही, असं आहे का?

तारवाला: हो! दिवे लागतात. म्हणजे कॅमेरा खराब?

आकडेमोड्या: दिवे लागले म्हणजे फक्त वीज पोचली. अ‍ॅपला कॅमेऱ्याची परवानगी दिलीत का? यूएसबीची वेगळी, कॅमेऱ्याची वेगळी. अँड्रॉइड 10 वर तर परवानगी देऊनही काही अ‍ॅप अडकायचे.

सफरचंदी: आमच्या आयफोनवर तर हा वायरवाला चालतच नाही. वायफायचा घ्यावा लागला, आणि चित्र हाताच्या मागून येतं.

कानसेन: याने कानातला मळ दिसेल का?

जुनीखोड: इंजिनात जाऊन आलेला कानात? डॉक्टरकडे जा.

हरवलेला_आरसा: भिंत नीट पाहायला टोकावर तिरका आरसा लावतात ना, तो क्लिपवर नुसता अडकवलेला असतो. माझा सिलेंडरमध्ये पडला. चुंबकाला चिकटेना. दोन दिवस तारेच्या आकड्याने उकरून काढला. तेव्हापासून आरशाला दोरा बांधल्याशिवाय आत घालत नाही. आणि गरम इंजिनात घालू नका, वायरचं आवरण मऊ पडतं.

धुरंधर: फिरवून पाहिलं. पाचपैकी चार रेषा सरकल्या. पाचवी हलली नाही. झालं समाधान? आणि ती पाचवी तुमच्या स्क्रूड्रायव्हरला ऐकू आली नसती.

जुनीखोड: नसती, मान्य. पण ती किती खोल आहे हे तुमचा कॅमेराही सांगणार नाही. नखाला अडकते का, हा प्रश्न फोटोला विचारता येत नाही. कॉम्प्रेशन कोरडं मोजा, मग प्लगच्या भोकातून चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजा. आकडा चांगला वाढला तर रिंगा किंवा भिंत. जैसे थे राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केटकडे वळा. दोन्ही वेळा आकडा ठणठणीत असेल तर त्या एका रेषेसाठी मी तरी इंजिन खोलणार नाही.

धुरंधर: तुम्ही नाही खोलणार. मी गेज मागवलंय, मग बघू.

तारवाला: परवानगी दिली, चित्र आलं! पण आरसा लावल्यावर सगळं उलटं दिसतंय. उजवीकडे नेलं की डावीकडे जातं.

हरवलेला_आरसा: आधी दोरा बांधलात ना?