ग्लेझमध्ये अक्षर ‘फुटतं’, ‘पसरतं’ की ‘ओघळतं’?

खानापूरकरीण: मी मगांवर नावं घालून देते. परवा ‘आबा’ लिहिलेला मग भट्टीतून काढला तर ‘आवा’ झालेला! ब च्या पोटातली रेघ निळ्यात बुडाली. गिऱ्हाइकाला कळवलं, ‘अक्षर फुटलं’. त्यांना वाटलं मगच तडकला. ह्याला नेमकं म्हणायचं काय?

निपाणीकर: फुटलं हेच बरोबर. कच्च्या कागदावर शाई फुटते, तसंच हे. माती रंग शोषते.

जुना भट्टीवाला: शब्द चालेल, कारण चुकलं. मातीत शोषून फुटलं असतं तर लिहितानाच दिसलं असतं. हे भट्टीत होतं. वरचं ग्लेझ वितळून काच होते आणि खालचा कोबाल्ट तिच्यात विरघळतो. बाई, अक्षराची कड बघा. चहूबाजूंनी सारखी धूसर असेल तर रंग पसरला. वरची कड धारदार आणि खालीच शेपट्या असतील तर ग्लेझ जाड बसलं किंवा भट्टी जास्त तापली, म्हणजे ओघळलं. ओघळताना पहिला मार शिरोरेघेचा, तीच खालच्या पोकळीत उतरते.

चिकोडीची सून: आमच्या सासूबाईंच्या पितळी डब्यांवर ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलंय, चाळीस वर्षांत हललं नाही. कल्हई नीट करून घ्या की.

खानापूरकरीण: वहिनी, कल्हई नव्हे हो, मातीचा मग. 😀 काका, माझ्या मगाला शेपट्या नाहीत, सगळीकडून धूसर. म्हणजे पसरलं. आमच्याकडं कामाला येणाऱ्या कन्नड बाया ‘हरडितु’ म्हणतात, तेही पसरलं असंच.

जुना भट्टीवाला: मग कोबाल्टच जास्त झाला. तो फार जोरकस, चिमूटभरात निळा होतो. त्यात थोडी पांढरी चिनी माती कालवा म्हणजे रंग घट्ट बसतो, आणि हात पातळ ठेवा. ब चं पोट नेहमीपेक्षा मोठं काढा. रंग वाळला की आतल्या रेघेच्या दोन्ही बाजू सुईनं कोरून मोकळ्या करा. आधी त्याच मातीच्या तुकड्यावर ‘ब’ आणि ‘व’ शेजारीशेजारी लिहून, तुकडा उभा ठेवून भाजा. आडवा ठेवलात तर ओघळ दिसणारच नाही.

निपाणीकर: मग कागदाची सरळ पट्टी गुंडाळून शिरोरेघ आखली तर?

जुना भट्टीवाला: सरळ नळकांड्यावर चालेल. वर रुंद, खाली निमुळता मग असेल तर पट्टीची टोकं वर चढतात आणि नाव हसल्यासारखं दिसतं. चाकावर मग मधोमध बसवा, ब्रश स्थिर धरा आणि चाक फिरवा. रेघ आपोआप समांतर येते.

निपाणीकर: पटलं. तरी ‘पसरलं’ म्हटलं की मला लोणी आठवतं. अक्षराला ‘फुटलं’च शोभतं.

खानापूरकरीण: तुम्ही म्हणा. मी गिऱ्हाइकाला ‘रंग पसरला, मग शाबूत आहे’ असं लिहिलं. ते म्हणाले, आबा कुंभारच होते, ‘आवा’च राहू द्या.