ईएमआयवर कोर्स घेऊ का?

>> "एकटी आई आहे, मुलगी दुसरीत. टॅलीवर एंट्र्या करते, पगार २२ हजार. दीड लाखाचा डेटा सायन्स कोर्स ईएमआयवर घेऊ का?"

नको गं ताई, निदान आत्ता तरी नको. त्या 'ईएमआय'मागे बहुतेक वेळा फायनान्स कंपनीचं लोन तुझ्या नावावर असतं, मुलगी आजारी पडली नि कोर्स अर्धवट सुटला तरी हप्ता काही सुटत नाही, वर सिबिल बिघडतो ते वेगळंच. १२ महिन्यांत फेडायचं म्हटलं तर साडेबारा हजार महिना, मग घर चालणार कशावर?

त्यापेक्षा आहे तिथेच एक पायरी वर जा. एंट्रीवाल्यापेक्षा जीएसटी रिटर्न भरणाऱ्याला जास्त पैसे मिळतात. ऑफिसातल्या सीनिअरला म्हण, यावेळचं जीएसटीआर-२बी मॅचिंग मी करते, तुम्ही फक्त तपासा. पर्चेसची बिलं नि जीएसटी पोर्टलवरचं क्रेडिट जुळत नसेल तर का, हे शोधता आलं की अर्धं काम आलं. आणि मंथली फायलिंगमध्ये तारखा ठरलेल्या असतात, ७ ला टीडीएस, ११ ला जीएसटीआर-१, २० ला जीएसटीआर-३बी, म्हणजे मुलीला आजीकडे कधी ठेवायचं ते आधीच कळतं (आजी जवळ असेल तर हं!). जमायला लागलं की एखाद्या सीएकडे संध्याकाळचं काम विचार, पण नोकरी धरूनच.